बादलीत आधी पाणी

म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडला ठिबकच्या सामानाचं एक दुकान आहे. मालकांना व्हाइटबोर्डचा व्हिडिओ हवा होता, पांढऱ्या फळीवर हात भराभर चित्र काढतो आणि मागून आवाज समजावतो तसला. विषय त्यांचा रोजचाच: द्राक्षबागेत ड्रिपर क्षारांनी बुजतात, तेव्हा लाइनला अ‍ॅसिड कसं सोडायचं. दीड मिनिट, सात दृश्यं. "कॉम्प्युटरच काढतो ना सगळं? मग दोन दिवसांत द्या," हेही सांगून झालं.

कॉम्प्युटर काय काढतो ते सांगतो. चित्र मी टॅबलेटवर रेषांनी काढतो आणि एसव्हीजी म्हणून ठेवतो. तिथे प्रत्येक रेघ वेगळी असते, म्हणून ती हळूहळू उमटवता येते आणि तिच्या टोकावर हाताचा फोटो सरकवता येतो. आवाजाशी वेळ जुळवणं हे एके काळी सर्वांत कंटाळवाणं काम होतं. आता आवाज रेकॉर्ड करताना दोन दृश्यांच्या मध्ये मुद्दाम दीड सेकंद गप्प बसतो आणि ही ओळ चालवतो:

```
ffmpeg -i awaj.wav -af silencedetect=noise=-35dB:d=1 -f null -
```

स्वल्पविरामाला घेतलेला श्वास एक सेकंदाचा नसतो, त्यामुळे फक्त दृश्यांमधल्या शांतता सापडतात. त्यांच्या वेळा माझी स्क्रिप्ट उचलते आणि प्रत्येक दृश्याचा वेग ठरवते. याचा मला अभिमान आहे आणि तो अजूनही आहे.

अक्षरांना मात्र मी स्क्रिप्टला हात लावू देत नाही. फॉन्टमधलं अक्षर म्हणजे त्याची बाह्यरेषा, त्यामुळे आपोआप काढायला दिलं की हात 'पाणी'च्या कडेकडेनं गिरवत फिरतो, शाळेतली पोरं ठसा गिरवतात तसा. म्हणून प्रत्येक शीर्षकावर मी स्वतः जाड रेघेनं लिहितो आणि ती रेघ जिथवर पोचेल तिथवरच खालचं अक्षर दिसू देतो. अक्षरं आधी, शिरोरेघ शेवटी. गिऱ्हाइकाला हे कधी कळत नाही, पण न केल्यास 'काहीतरी विचित्र वाटतंय' एवढं नक्की कळतं.

चूक झाली ती चित्रांत. माझ्या काढण्याच्या क्रमानं रेघा उमटवल्या तर हात कागदभर उड्या मारतो, कारण राहिलेल्या बारीकसारीक रेघा मी शेवटी कुठेही भरत असतो. म्हणून स्क्रिप्ट रेघा वरून खाली लावून घेते. हात शहाण्यासारखा उतरत जातो. सातही दृश्यांच्या शेवटच्या चौकटी एका पानावर काढून तपासल्या, सगळी चित्रं बरोबर होती. दुकानात दाखवायला गेलो.

मालक खूश. शेजारी त्यांचे जुने फिटर काका चहा पीत होते. म्हणाले, "चौथं परत लाव." लावलं. "हे उलटं काढलंस की रे."

मी म्हटलं, "काका, ऐका ना, आवाजात सांगितलंय, आधी पाणी, मग अ‍ॅसिड."

"अरे, एसटीत बसलेला माणूस आवाज बंद करून बघणार. त्याला काय दिसलं?"

तेव्हा मला दिसलं. चित्रात वर कलंडलेला कॅन, खाली बादली. वरून खाली म्हणजे हातानं आधी कॅन काढला, मग अ‍ॅसिडची धार, मग बादली आणि सगळ्यात शेवटी आतलं पाणी. तीव्र अ‍ॅसिडवर पाणी पडलं की ते एकदम तापतं आणि तोंडावर उडतं. जे करू नका म्हणून व्हिडिओ बनवला, तेच हात सावकाश काढून दाखवत होता. शेवटची चौकट मात्र निर्दोष, म्हणून माझ्या तपासणीत ते येणंच शक्य नव्हतं.

दुरुस्ती तासाभराची होती. आता प्रत्येक दृश्यात रेघांचे गट करतो आणि गटांना `01-badli`, `02-pani`, `03-can`, `04-dhar` अशी नावं हातानं देतो. स्क्रिप्ट गटांच्या आत वरून खाली लावते, गटांचा क्रम तिला हलवता येत नाही. आधी काय आणि मग काय, हे बघणाऱ्याला हाताच्या क्रमावरूनच कळतं, आणि मी नेमकं तेच उड्या वाचवण्यासाठी यंत्राला देऊन टाकलं होतं. काकांना श्रेय म्हणून व्हिडिओत नाव देऊ का विचारलं, तर म्हणाले, "नाव नको, त्या बादलीला कडी काढ, कडीशिवाय बादली असते का?"

कडी काढली. पण ती जुनी स्क्रिप्ट याआधी बारा व्हिडिओंवर चालली आहे. तीन उघडून पाहिले: पापड, शिकवणी, चष्म्याचं दुकान. तिथे क्रम उलटा झाला तरी कुणाचं काही बिघडत नाही. चौथा गॅस शेगडी दुरुस्तीवाल्यांचा आहे. तो आज रात्री आवाज बंद करून बघायचाय.