तुम्ही विचारलंत म्हणून : अटल पेन्शनचे चुकलेले हप्ते

‘दादा, वर्षभर अटल पेन्शनचा हप्ता गेलाच नाही. खातं बंद पडलं का? भरलेले पैसे बुडाले का?’

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण मध्ये एक ‘पण’ आहे, आणि तो पासबुकात दिसतो.

मी सोलापुरात पूर्व भागात बँक मित्र म्हणून बसतो. अंगठ्याचं मशीन, एक लॅपटॉप, एक टेबल. आजूबाजूला यंत्रमाग, टॉवेलचे कारखाने आणि घरोघरी शिलाई मशीन. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी टेबलावर येतोच. गेल्या ऑगस्टमध्ये तो जरा रागात आला. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एक ताई पासबुक आपटून म्हणाल्या, “काल चार हजार टाकले हो खात्यात. आज दीडशे रुपये! कुणी काढले?”

कुणीच काढले नव्हते. पासबुकावर एकाखाली एक दहा ओळी छापल्या होत्या, सगळ्या पेन्शनच्या हप्त्याच्या. पहिली ४०३ रुपयांची, मग ३९९, ३९५, ३९१ असं चार-चार रुपयांनी उतरत शेवटची ३६७ वर. सगळे मिळून ३८५०.

त्या २०१९ च्या जूनमध्ये योजनेत आल्या, तेव्हा वय ३०. साठीनंतर महिना ३००० रुपये पेन्शन निवडली, त्यासाठी महिना ३४७ रुपये हप्ता. मे २०२४ पर्यंत साठ हप्ते नीट गेले. मग थांबले. हप्ता थांबवायचा असं त्यांनी कधी ठरवलंच नव्हतं. शिलाईचे पैसे मुकादम पूर्वी रोख द्यायचा, त्या ते खात्यात टाकायच्या. मग तो फोनवरून नवऱ्याच्या नंबरवर पाठवायला लागला. पैसे घरातच येत होते, फक्त या खात्यात येत नव्हते. माझ्या अनुभवात अर्धेअधिक हप्ते असेच चुकतात. मिळकत थांबलेली नसते, तिची वाट बदललेली असते.

आता त्या दहा ओळींचा हिशोब. या योजनेत ‘थांबवा’ असं बटण नाही. खात्यात पैसे नसले तर तो महिना सोडून दिला जात नाही, तो थकबाकीत जातो. प्रत्येक थकलेल्या हप्त्यावर दर शंभर रुपयांना किंवा त्याच्या काही भागाला महिना एक रुपया थकबाकीचं व्याज लागतं. ३४७ म्हणजे तीन शंभर आणि वर थोडे, म्हणून चार रुपये. जून २०२४ चा हप्ता ऑगस्ट २०२५ मध्ये गेला, चौदा महिने उशिरा. चौदा चोक छप्पन्न, म्हणून ३४७ चे ४०३ झाले. जुलैचा तेरा महिने उशिरा, म्हणून ३९९. सर्वात जुना हप्ता आधी, मग त्याच्या पुढचा, अशीच वसुली होते. एका महिन्यात एकच हप्ता जाईल असंही नाही. खात्यात शिल्लक असेल तर एकापेक्षा जास्त ओढले जातात. ताईंनी सिलिंडर आणि पोरीच्या वह्यांसाठी ठेवलेले चार हजार यंत्रणेला एकदम दिसले आणि तिने दहा हप्ते उचलले. अकरावा ३६३ चा होता, दीडशेत बसत नव्हता, म्हणून तिथं थांबली.

“म्हणजे दंडाचे पैसे बँकेनं खाल्ले ना?” असं त्यांनी विचारलं. नाही. हे व्याज तुमच्याच पेन्शनच्या जमेत जातं. ही गोष्ट मी मुद्दाम दोनदा सांगतो, कारण दंड म्हटला की माणसाला वाटतं, सोडा आता, भरायचंच नाही.

आता ते ‘चोवीस महिन्यांत खातं बंद’ प्रकरण. योजना २०१५ साली आली तेव्हाच्या पत्रकात लिहिलेलं होतं की सहा महिने हप्ता नाही आला तर खातं गोठणार, बारा महिन्यांनी निष्क्रिय, चोवीस महिन्यांनी बंद. पुढे हा नियम बदलला. पत्रकं मात्र दुकानांच्या भिंतींवर राहिली, फोनवर अजून फिरतात, आणि माझ्याही डोक्यात राहिली होती. एका काकूंना मी हाच जुना नियम तोंडपाठ सांगितला. “आता बंदच होणार म्हणता, तर काढूनच घेते,” म्हणत त्या योजनेतून बाहेर पडल्या. तोवर वय ४१ झालेलं. योजनेत येण्याची मर्यादा ४०. परत येण्याचं दार त्यांना उरलं नाही, आणि ते माझ्या तोंडच्या एका वाक्यानं. त्या अजून चौकात भेटल्या की बोलतात, हा त्यांचा मोठेपणा.

आजची स्थिती अशी की हप्ते थांबले तरी खातं त्या कारणानं बंद होत नाही. जमा रक्कम गुंतलेली राहते. पण खातं सांभाळण्याचं शुल्क आणि इतर आकार त्यातून ठरल्या वेळी कापले जात राहतात. भरपूर हप्ते भरलेल्या माणसाला ते जाणवत नाही. ज्यानं दोन-चार महिनेच भरून सोडून दिलंय, त्याची जमा मात्र झिजत झिजत शून्यावर येऊ शकते. ज्यांना सुरुवातीला सरकारनं हप्त्यात वाटा दिला, म्हणजे मार्च २०१६ पर्यंत आलेले पात्र लोक, त्यांच्या खात्यात शेवटी फक्त सरकारचाच वाटा उरला तर तो सरकारकडे परत जातो.

आणि पेन्शनचं काय? तीन हजारांची हमी आहे ती ठरलेला हप्ता साठीपर्यंत भरणाऱ्याला. साठ हप्ते भरून थांबलं म्हणजे त्या प्रमाणात पाचशे-सहाशे पेन्शन सुरू होईल, असा हिशोब लोक मनात मांडतात. पत्रकात तसा हिशोब कुठेही नाही.

ताईंच्या शेजारी एक दुकानदार अण्णा बसले होते. ते म्हणाले, “वर्षाला हजार भरा की ओ, खातं जिवंत राहतंय. मी तेच करतो.” अण्णा खोटं बोलत नव्हते, ते दुसऱ्याच योजनेबद्दल बोलत होते. त्यांचं खातं एनपीएसचं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं आहे. तिथं टियर एकमध्ये, म्हणजे मुख्य पेन्शन खात्यात, वर्षाकाठी किमान हजार रुपयांची अट असते, कधी किती भरायचं ते माणूस ठरवतो, आणि पेन्शनची हमी नसते. जमेल तेवढी रक्कम, त्यावर बाजार देईल तेवढं. दोन्ही योजना एकाच नियामकाच्या, दोन्हीत प्रान नावाचा बारा आकडी पेन्शन खाते क्रमांक, म्हणून गोंधळ होतो. अटलमध्ये वर्षाची किमान रक्कम असं काही नाही. तुमचा ठरलेला हप्ता हीच किमान रक्कम आणि तीच कमाल. एकरकमी हजार टाकून वर्ष भागत नाही.

ताईंचा पुढचा प्रश्न सरळ होता: “मग बंदच करून टाकू?”

बंद करता येतं. बँकेत अर्ज द्यायचा. आपण भरलेले पैसे आणि त्यावरचं प्रत्यक्ष उत्पन्न, शुल्क वजा करून, जोडलेल्या बचत खात्यात येतं. सरकारी वाटा मिळालेल्यांना तो वाटा आणि त्यावरचं उत्पन्न मिळत नाही. ताईंचे मे २०२४ पर्यंतचेच स्वतःचे २०,८२० होते. पण मी त्यांना कागदावर एकच आकडा लिहून दाखवला. आज ३६ व्या वर्षी नव्यानं तीच तीन हजारांची पेन्शन घ्यायची तर हप्ता ५९४. जुन्या खात्यात ३४७. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला नव्यानं येताच येत नाही. त्यांना तो अडसर नव्हता, पण कुणाकुणाला असतो.

हप्ता खरंच झेपत नसेल तर बंद करण्याआधी पेन्शनची पायरी उतरवायचं बघा. आर्थिक वर्षातून एकदा ती कमी-जास्त करता येते. तिसाव्या वर्षी आलेल्या माणसाला दोन हजारांच्या पेन्शनला २३१ रुपये लागतात, एक हजाराला ११६. खाली उतरल्यावर आधी जास्त भरलेली रक्कम परत मिळते. वर चढायचं असेल तर मात्र मागचा फरक ८ टक्के व्याजासह भरावा लागतो, म्हणून उतरताना घाई नको. ज्यांचं काम हंगामी आहे त्यांना तिमाही आणि सहामाही हप्त्याचीही सोय आहे. गणवेशवाल्यांना सहामाही बरा पडेल असं मला वाटतं. पण सहामाही हप्ता चुकला तर तो मोठाच चुकतो, हेही खरं.

खातं नक्की कुठं आहे ते पाहायला पासबुक पुरतं, फक्त ते छापून आणा. उमंग अ‍ॅपवरही जमा दिसते. एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे पेन्शनला जोडलेलं बचत खातं. दोन वर्षं त्यात स्वतःहून काहीच व्यवहार केला नाही तर बँक ते निष्क्रिय धरते, आणि मग वरून हप्ता मागितला तरी जात नाही. तेव्हा आधी केवायसी, मग पेन्शन. शिवाय खात्यात बरोब्बर ३४७ ठेवून चालत नाही. एसएमएसचे पंधरा-वीस रुपये कापले गेले की ३३० उरतात आणि हप्ता चुकतो. पन्नास रुपये जास्त ठेवा.

ताईंचे उरलेले चार हप्ते, त्यांचं चाळीस रुपये व्याज आणि ऑगस्टचा चालू हप्ता मिळून १७७५ होत होते. सप्टेंबरवर ढकललं असतं तर त्यात वीस रुपये आणखी आणि नवा हप्ता. त्यांनी त्याच महिन्यात दोन खेपांत भरले, एकदा हजार, एकदा आठशे. दीडशे होतेच. पोरीच्या वह्या उधारीवर आल्या, त्याबद्दल मला दोन शब्द ऐकावे लागले.

पायरी उतरवायची का, विचारलं तर म्हणाल्या, “राहू दे तीन हजारच.” मुकादमाला त्यांनी या खात्याचा नंबर दिला. सप्टेंबरच्या शेवटी पासबुक छापायला आल्या तेव्हा पेन्शनची एकच ओळ होती, ३४७ ची. ती बोटानं दोनदा मोजून पाहिली.