कादंबरीचं प्रकरण हस्तलिखिताच्या साच्यात बसवताना: रिकाम्या ओळींचा हिशोब

अमळनेरला 2024 मध्ये साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून माझी कापसाच्या जिनिंगवरची कादंबरी कपाटातून बाहेर आली होती. पहिलं प्रकरण एका प्रकाशनाला पाठवायचं ठरलं आणि त्यांच्याकडून सूचना आल्या. युनिकोडमधला मजकूर, ए-फोर पान, चारी बाजूंनी एक इंच समास, दोन ओळींत दुप्पट अंतर, प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ अर्धा इंच आत, आणि दृश्य बदलतं तिथे स्पष्ट खूण. सगळ्या प्रकाशकांचे नियम असेच असतात असं नाही, ज्याचे त्याचे आधी वाचावेत. पण हा साचा सर्रास चालतो. त्यामागचं कारण साधं आहे: संपादकाला ओळींच्या मध्ये आणि समासात पेन चालवायला जागा हवी असते.

मजकूर मात्र तीन ठिकाणांहून जमला होता. काही घरच्या कॉम्प्युटरवर लिहिलेला, काही शाळेच्या मधल्या सुट्टीत मोबाईलवर बोलून टाईप केलेला, आणि काही स्वतःलाच व्हॉट्सअॅप करून ठेवलेला. तो सगळा लिबरऑफिस रायटरमध्ये एका फाईलमध्ये आणून Ctrl+F10 दाबलं. त्याने न दिसणाऱ्या खुणा दिसायला लागतात. परिच्छेद संपला की ¶, आणि Shift+Enter ने नुसती ओळ तोडलेली असेल तर वाकडा बाण. पानभर ¶ चा सडा पडला होता. कुठे एक रिकामी ओळ, कुठे तीन, कुठे ओळीच्या सुरुवातीला टॅब, तर कुठे पाच-सहा स्पेस मारून केलेला इंडेंट.

माझ्या ओळखीचे डीटीपीवाले काका धुळ्यात आहेत, आयुष्यभर पुस्तकांची मांडणी करत आलेत. त्यांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, “ताई, रिकामी ओळ म्हणजे आमच्यासाठी काहीच नाही. आम्ही पहिल्यांदा त्याच उडवतो.” या एका वाक्याने माझ्या कामाचा क्रम ठरला.

कारण माझ्या मजकुरात दृश्य बदलल्याची खूण म्हणजे रिकामी ओळच होती. आणि रिकाम्या ओळी तर दोन संवादांच्या मध्येही होत्या, कारण व्हॉट्सअॅपवर वाचायला बरं म्हणून मी तसं लिहायचे:

“काय करी ऱ्हायना भाऊ?”

“काही नही.”

छापील पुस्तकात या दोन वाक्यांमध्ये मोकळी जागा नको असते. बोलणारा बदलला की नवा परिच्छेद आणि त्याला इंडेंट, बास. म्हणजे सगळ्या रिकाम्या ओळी एका फटक्यात काढल्या तर संवाद नीट होतील, पण सकाळच्या जिनिंगमधून वाचक थेट रात्रीच्या दवाखान्यात जाऊन पडेल आणि मध्ये काय झालं ते त्याला कळणार नाही. नुसती रिकामी ओळ ठेवली तरी भागत नाही. ती नेमकी पानाच्या शेवटी आली की दिसतच नाही, वाचणाऱ्याला वाटतं पान संपलं म्हणून जागा सुटली. म्हणून साफसफाईच्या आधी खुणा टाकायच्या, आणि ते काम मशीनवर सोडायचं नाही, वाचूनच करायचं.

खूण कोणती, यावर थोडा खल झाला. मराठी पुस्तकांत तीन फुल्या ओळखीच्या आहेत. पण रायटरमध्ये नुसत्या तीन फुल्या टाईप करून एंटर मारलं की तो त्यांची आडवी रेघ करून टाकतो, वर्डमध्येही असंच होतं. फुल्यांमध्ये स्पेस दिली तर कधीकधी त्याला वाटतं आपण यादी करतोय, आणि तो बुलेट लावतो. हा आपोआप बदल Ctrl+Z ने परत फिरवता येतो किंवा सेटिंगमधून बंदही करता येतो, पण दरवेळी कोण लक्ष ठेवणार? मी एकच # निवडला. इंग्रजी हस्तलिखितांत टाईपरायटरच्या काळापासून हीच खूण चालत आली आहे, कारण प्रूफ तपासताना # चा अर्थ “इथे जागा सोडा” असा होतो. एकट्या # ला रायटर हात लावत नाही, आणि माझ्या कथेत तो दुसरीकडे कुठे येण्याचा प्रश्नच नव्हता.

मग सुरुवातीपासून वाचत गेले. प्रत्येक रिकाम्या ओळीशी थांबून एकच विचारायचं: इथे वेळ, जागा किंवा कोणाच्या नजरेतून सांगतोय ते बदलतंय का? बदलत असेल तर रिकाम्या ओळीत #. नाही तर ती ओळ जाऊ द्यायची. बहुतेक ठिकाणी उत्तर लगेच मिळालं. पण एका जागेवर बराच वेळ गेला. बाप जिनिंगच्या वजनकाट्याशी भावावरून घासाघीस करतो, मग रिकामी ओळ, आणि पुढचा परिच्छेद “तिन्हीसांजेला बैलगाडी रिकामी करून तो परतला” असा सुरू होतो. वेळ बदललीये खरी, पण वाक्य स्वतःच ते सांगतंय आणि माणूसही तोच आहे. तिथे # टाकला तर उगाच ब्रेक लागतो. तो टाकला नाही.

उलटी गंमत पुढे होती. एका लांबलचक परिच्छेदात बाप सुरत-भुसावळ गाडीची वाट पाहत फलाटावर बसलाय, आणि पुढच्याच परिच्छेदात त्याची मुलगी घरी चुलीपाशी विचार करतेय. मध्ये ना रिकामी ओळ, ना काही. मोबाईलवरून चिकटवताना ती गेली असणार. अशी जागा कुठलंही शोधा-बदला दाखवत नाही, कारण नसलेली गोष्ट शोधता येत नाही. तिथे # घातला. शेवटी प्रकरणात पाच दृश्यं आणि चार खुणा झाल्या. हा आकडा कागदावर लिहून ठेवला, त्याचा पुढे उपयोग झाला.

आता साफसफाई. फाईलची एक प्रत बाजूला ठेवली आणि Ctrl+H ने Find & Replace उघडलं. त्यात खालच्या पर्यायांत Regular expressions वर टिक करावी लागते. इथे क्रम महत्त्वाचा. आधी वाकड्या बाणांचे खरे परिच्छेद करायचे. त्यासाठी शोधायच्या आणि बदलायच्या अशा दोन्ही चौकटींत \n च लिहायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण रायटरमध्ये शोधताना \n म्हणजे तोडलेली ओळ आणि बदलताना \n म्हणजे नवा परिच्छेद. त्यानंतर पुढचे दोन शोध, बदलायची चौकट रिकामी ठेवून, याच क्रमाने:

```
^\s+
^$
```

पहिला परिच्छेदाच्या सुरुवातीचे सगळे टॅब आणि स्पेस काढतो. दुसरा पूर्ण रिकामे परिच्छेद काढतो. क्रम उलटा केला तर ज्या ओळी दिसायला रिकाम्या पण आत एखादी स्पेस दडलेल्या आहेत, त्या दुसऱ्या शोधाला सापडत नाहीत आणि मागे राहतात. मोबाईलवरून आलेल्या मजकुरात अशा ओळी भरपूर असतात.

हे झाल्यावर सगळा मजकूर एकसंध भिंतीसारखा दिसतो, घाबरून जायचं नाही. आता इंडेंट द्यायचा, पण टॅब मारून नाही आणि वरची पट्टी ओढूनही नाही, स्टाईलमधून. F11 ने स्टाईलची पट्टी उघडून “मजकूर” नावाची नवी परिच्छेद-स्टाईल केली. Indents & Spacing मध्ये First line ला 1.27 सेंटीमीटर म्हणजे अर्धा इंच, परिच्छेदाच्या वर-खाली शून्य, आणि Line Spacing ला Double. तिथे Fixed निवडू नये, आकडा कमी पडला तर रफार आणि उकार कापले जातात. फाँट निवडताना देवनागरीसाठी वेगळी चौकट असते, तिच्यावर CTL असं लिहिलेलं असतं. वरच्या चौकटीत फाँट बदलून मजकूर ढिम्म हलत नसेल, तर कारण हेच. वरची चौकट इंग्रजी अक्षरांची आहे.

दुसरी स्टाईल “दृश्यखंड”: मधोमध, इंडेंट शून्य, आणि Text Flow मध्ये Keep with next paragraph वर टिक. त्यामुळे # एकटा पानाच्या तळाशी लटकत नाही, पुढच्या परिच्छेदासोबतच जातो. इंडेंट शून्य करायला विसरू नये, नाहीतर खूण मध्यापासून थोडी उजवीकडे सरकते आणि का ते पटकन कळत नाही.

मग Ctrl+A, Ctrl+M. याने हाताने केलेलं सगळं फॉर्मॅटिंग निघतं, तिरपी अक्षरंही जातात. माझ्या प्रकरणात फक्त एक पत्र तिरपं होतं, त्यामुळे त्याची पानं आधी टिपून ठेवली आणि नंतर त्याला वेगळी स्टाईल दिली. सगळ्याला “मजकूर” लावला. मग Find & Replace मध्ये ^#$ शोधून Find All. चारही खुणा एकदम निवडल्या गेल्या, “दृश्यखंड” वर डबल क्लिक, झालं. सापडलेला आकडा कागदावरच्या चाराशी जुळला. कमी आला असता तर कुठेतरी # च्या पुढेमागे स्पेस राहिली किंवा तो वाक्याला चिकटला असं समजायचं.

तपासणीची एक युक्ती काकांकडून मिळाली आणि ती मला फार आवडली. “मजकूर” स्टाईलमध्ये First line तात्पुरता पाच सेंटीमीटर करायचा आणि सगळी पानं भराभर सरकवायची. प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ लांब आत उडी मारते. जो परिच्छेद जागचा हलत नाही, त्याला अजून दुसरी स्टाईल किंवा हाताचं फॉर्मॅटिंग चिकटलेलं आहे. आणि जिथे मधल्याच वाक्यावर उडी दिसते, तिथे परिच्छेद चुकीच्या जागी तुटलाय. माझ्याकडे असं एका संवादात सापडलं: बोलणं एका परिच्छेदात आणि “असं म्हणून तो उठला” पुढच्यात. तपासून झाल्यावर आकडा परत 1.27.

दृश्यानंतरच्या पहिल्या परिच्छेदाला इंडेंट द्यायचा की नाही, यावर मतं वेगळी असतात. छापील पुस्तकात बऱ्याचदा तो सपाट असतो. हस्तलिखितात मी सगळ्यांना सारखाच दिला, कारण तो सपाट करायचा की नाही हे मांडणी करणारा ठरवतो आणि त्याला एकच स्टाईल हाताळायला सोपी जाते.

बाकी किरकोळ. प्रकरणाचं नाव पानाच्या साधारण एक तृतीयांश खाली यावं म्हणून त्याच्या स्टाईलमध्ये वर सात सेंटीमीटर जागा दिली, एंटर मारत खाली नेलं नाही. शीर्षपट्टीत आडनाव, कादंबरीचं नाव आणि पान क्रमांक. मूळ फाईल रायटरचीच ठेवली, पाठवायला वर्डची केली आणि सोबत पीडीएफ जोडली, म्हणजे समोरच्याकडे तो फाँट नसला तरी पान कसं दिसायला हवं ते कळतं.

ही रिकामी केलेली फाईल टेम्पलेट म्हणून जपून ठेवली आहे. दुसरं प्रकरण त्यातच सुरू केलंय, आणि आता दृश्य संपलं की मोबाईलवर असले तरी # टाईप करते.