आमची वाटचाल : ‘व्ह्यू’ला आडनाव लावेपर्यंत

गोव्यातल्या फोंड्याच्या तिस्क भागात एका खोलीत आमचा धंदा सुरू झाला. आधी लग्नं, मुंजी, जत्रेतली दशावतारी नाटकं यांचं शूटिंग. पुढे हॉटेलवाले, होमस्टेवाले, मसाल्यांची कुळागरं दाखवणारे बागायतदार छोटे व्हिडिओ मागू लागले. शूटिंग करायचं, एकच व्हिडिओ यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर टाकायचा आणि महिन्याच्या शेवटी अहवाल द्यायचा. कॅमेरा माझ्याकडे, हिशेब बायकोकडे. आम्ही अडखळलो ते या अहवालापाशी, म्हणून त्याचंच सांगतो.

सुरुवातीची आमची पद्धत भाबडी होती. तिन्ही ठिकाणांहून आकड्यांच्या सीएसव्ही फाइली उतरवायच्या, `Views` नावाचे रकाने एकाखाली एक चिकटवायचे आणि बेरीज मारायची. नाव एकच, म्हणजे वस्तूही एकच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. वर पहिल्याच महिन्यात यूट्यूबचा आकडा दुप्पट दाखवला. त्यांच्या `Table data.csv` मध्ये पहिली ओळच `Total` असते आणि आम्ही तीही बेरजेत घेतली होती. पण ती चूक पकडायला सोपी होती. खरा फटका एप्रिल २०२५ मध्ये बसला.

म्हार्दोळच्या बाजूला एका बागायतदार बाबांचं कुळागर आहे. त्यांच्या यूट्यूब शॉर्ट्सना मार्चमध्ये मिळून ४,१०० व्ह्यू होते, एप्रिलमध्ये झाले ११,६००. एप्रिलमध्ये आम्ही ड्रोन आणि धावतं संगीत वापरलं होतं. श्रेय आम्ही बिनदिक्कत घेतलं. बाब म्हणाले, “मग ते संथ व्हिडिओ बंदच करा. जायफळ सुकवणं कोण बघतो?” मी मान डोलावली.

रात्री बायकोने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. “अहो, बघणं जवळजवळ तिप्पट झालं, मग पाहण्याचे तास तेवढेच कसे? लाइक, कॉमेंटही जागचे हलले नाहीत.” तिची शंका बरोबर होती. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्सचा व्ह्यू मोजण्याची रीतच बदलली होती. आधी शॉर्ट काही सेकंद चालल्यावर व्ह्यू धरला जाई. आता तो सुरू झाला की किंवा पुन्हा फिरला की एक व्ह्यू, किमान वेळेची अटच नाही. जुनी मोजणी `Engaged views` नावाच्या वेगळ्या रकान्यात गेली. एप्रिलचा तो रकाना काढला तर ३,९००, म्हणजे मार्चपेक्षा थोडे कमीच. वाढलं काहीच नव्हतं, फक्त माप बदललं होतं. दुसऱ्या दिवशी बाबांकडे जाऊन चूक कबूल केली. चहा मिळाला, पण गप्प बसून प्यावा लागला.

तेव्हापासून आमच्या शीटमध्ये नुसता ‘व्ह्यू’ लिहायला बंदी आहे. प्रत्येक आकड्याला आडनाव लागतं: `yt_start`, `yt_engaged`, `ig_view`, `fb_view`, `fb_3s`. शेवटचा फेसबुकवर किमान तीन सेकंद चाललेला. शॉर्ट्सची जुनी-नवी मालिका जोडायची असेल तर ३१ मार्चपूर्वी `Views` आणि त्यानंतर `Engaged views` घ्यायचे.

मग तिन्हींची तुलना करायची कशावर? मे महिन्यातला एक व्हिडिओ घेतो: पाडेली एका माडीवरून, म्हणजे पोफळीवरून, झोका घेऊन दुसऱ्या माडीवर जातो आणि सुपारी पाडतो. लांबी ३८ सेकंद. यूट्यूबवर ९,४०० व्ह्यू, इन्स्टाग्रामवर १२,६००, फेसबुकवर ६,२००. जुन्या रीतीने आम्ही २८,२०० असं ठसठशीत छापलं असतं. त्याऐवजी पाहण्याचा एकूण वेळ घेतला. सेकंद हा सगळीकडे सेकंदच असतो, पण यूट्यूब तो तासांत देतं, म्हणून आधी एकक बदलावं लागतं. डी रकान्यात तास, ई रकान्यात व्हिडिओची लांबी:

```
=D2*3600/E2
```

यूट्यूबचे २१.४ तास म्हणजे ७७,०४० सेकंद, भागिले ३८, सुमारे २,०२७. इन्स्टाग्रामचे ९८,८०० सेकंद म्हणजे २,६००. फेसबुकचे २६,६०० म्हणजे ७००. व्हिडिओ आरंभापासून शेवटपर्यंत इतक्या वेळा पाहण्याएवढा वेळ लोकांनी दिला, असा त्याचा अर्थ. इतक्या जणांनी तो पूर्ण पाहिला, असा मुळीच नाही. व्ह्यूंत फेसबुक यूट्यूबच्या दोन तृतीयांश दिसत होतं, वेळेत ते जेमतेम एक तृतीयांश उरलं.

यातही एक खड्डा आहे. इन्स्टाग्रामच्या सरासरी वेळेला व्ह्यूंनी गुणून एकूण वेळ काढायचा मोह होतो. पण ती सरासरी पहिल्यांदा सुरू झालेल्या प्लेंवर काढलेली असते, आणि व्ह्यूंत पुन्हा फिरलेलेही येतात. गुणाकार फुगतो. म्हणून एकूण वेळ तिथे छापलेला असतो तोच उचलायचा. आणि हे माप एकाच व्हिडिओच्या तीन ठिकाणांपुरतं. ३८ सेकंदांच्या व्हिडिओशी दहा मिनिटांच्या व्हिडिओची तुलना त्याने करू नये.

बाबांचा पुढचा प्रश्न कोंकणीत आला: “पूण मनीस कितले?” म्हणजे व्हिडिओ किती जणांपर्यंत पोचला, ती रीच. इन्स्टाग्राम ७,९०० खाती, फेसबुक ४,७००, यूट्यूबचे वेगवेगळे प्रेक्षक ५,८००, आणि तेही यूट्यूबचा अंदाज. बेरीज १८,४०० होते, पण मडगावची एखादी बाई तिन्हीकडे असेल तर ती तीनदा मोजली जाते, आणि किती जण असे सामाईक आहेत हे कुठलीच फाइल सांगत नाही. म्हणून आम्ही लिहितो: किमान ७,९००, कमाल १८,४००. रोजच्या रीचची बेरीज करून महिन्याची रीच काढणं हीही तीच चूक. सोमवारी आणि गुरुवारी पाहणारा एकच माणूस दोनदा येतो. महिन्याचा आकडा महिन्याची तारीख निवडूनच उतरवावा.

दोन बारीक गोष्टी आम्हाला अनेक रात्री जागवून गेल्या. फेसबुक-इन्स्टाग्रामचे पोस्ट आयडी एक्सेलमध्ये थेट उघडले की पंधराव्या अंकापुढे शून्यं होतात, मग वेगळ्या पोस्ट एकच दिसू लागतात. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून फाइल आयात करायची. तसाही तिन्ही ठिकाणी सामाईक आयडी नसतोच, म्हणून व्हिडिओ एडिट होतानाच आम्ही त्याला आपला क्रमांक देतो, `KLG-014` असा. दुसरी गोष्ट, यूट्यूब स्टुडिओचा दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर चालतो. आपण १ तारखेला सकाळी दहाला टाकलेला व्हिडिओ तिथे आदल्या महिन्यात पडतो. त्यामुळे महिन्याच्या काठावरच्या पोस्टना आम्ही हाताने खूण करतो.

या सगळ्याने एक गिऱ्हाईक गेलं. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याला एकच मोठा आकडा हवा होता. आम्ही पाच रकाने दिले, त्यांनी पुढच्या महिन्यात दुसऱ्याला काम दिलं. कुळागरवाले बाब मात्र आता फोनवर विचारतात, “सेकंद किती झाले रे?” जायफळ सुकवण्याचा तो संथ व्हिडिओ परत टाकलाय. माड्यांवरून झोके घेणाऱ्या पाडेल्याच्या खालोखाल वेळ त्याच्याच नावावर आहे.