वितळण-यंत्राची नोंद : आठ अंश जास्त का येत होते?

डीएनएचा गोफ किती तापमानाला उलगडतो ते मोजण्यासाठी मागच्या वेळी निळा एलईडी, फोटोडायोड आणि तापणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा एकत्र बसवून झाले होते. या महिन्यात पहिला खरा नमुना लावला : लॅम्डा विषाणूचा डीएनए, ४८,५०२ जोड्यांचा. दुहेरी गोफातच चमकणारा रंग त्यात घातला. गोफ उलगडला की चमक उतरते. ती निम्म्यावर येते ते तापमान म्हणजे टीएम.

मोजण्याआधी अंदाज काढला. लांब डीएनएसाठी हे सूत्र चालते, सोडियम मोलरमध्ये :

```
Tm = 81.5 + 16.6*log10[Na+] + 0.41*(%GC)
```

ए समोर टी आणि जी समोर सी हा नियम पक्का असल्याने जीसीचा एकच टक्का पुरतो. लॅम्डात तो जवळपास ५०. मीठ ५० मिलीमोलर धरले तर उत्तर ८०.४ अंश. जीसी जोडीत तीन हायड्रोजन बंध, एटीत दोन, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण गोफ टिकतो तो मुख्यतः एकावर एक रचलेल्या जोड्यांच्या चिकटण्याने, आणि जीसी असलेल्या थप्प्या जास्त घट्ट बसतात.

यंत्राने दाखवले ८८.५. तीनदा लावले, तीनदा तेच. रंग स्वतःच गोफाला थोडा आधार देतो, म्हणून एखादा अंश समजू शकतो. आठ नाही. थर्मिस्टर उकळत्या पाण्यात तपासला, ठीक होता.

उत्तर स्वयंपाकघरात मिळाले. वहिनी म्हणाल्या, "बोअरच्या पाण्यात डाळ शिजतच नाही, भाऊजी." डीएनए ज्यात ठेवतो तो मिठाचा बफर मी त्याच पाण्यात केला होता! गोफाच्या दोन्ही कण्यांवर फॉस्फेटचे ऋण भार असतात आणि ते एकमेकांना ढकलतात. सोडियम ते ढकलणे झाकतो. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवर दुहेरी धन भार, त्यामुळे त्यांचे एक-दोन मिलीमोलरसुद्धा शंभराहून अधिक मिलीमोलर सोडियमचे काम करतात.

खात्री करायला त्याच नळीत ५ मिलीमोलर ईडीटीए घातले. ते या दोन्ही आयनांना पकडून ठेवते. टीएम ८२.५ वर उतरला. ईडीटीएबरोबर थोडा सोडियमही आला, म्हणून पूर्ण ८०.४ ची अपेक्षा नव्हतीच.

मग बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड पाणी आणून बफर नव्याने केला. ५० मिलीमोलरला ८१.५, २०० मिलीमोलरला ९१. मीठ चौपट केल्यास सूत्र १० अंशांची वाढ सांगते, मला साडेनऊ मिळाले. मन भरून आले.

उतार मात्र एकसंध नाही, मध्ये एक पायरी दिसते. लॅम्डाच्या एका अर्ध्या भागात जीसी जास्त आहे, म्हणून दुसरा अर्धा भाग आधी सुटतो. मिनिटाला एका अंशाऐवजी तीन अंशांनी तापवले तर ही पायरी पुसली जाते, कारण नळीतले द्रव ठोकळ्याच्या मागे राहते. वरून खनिज तेलाचा थर विसरू नका. पाणी उडाले की मीठ दाट होते आणि टीएम हळूहळू वर सरकतो. मे महिन्यात नागपुरात दुपारी एलईडीची चमकही घसरते, त्यामुळे सध्या रात्री दहानंतरच मोजतो.

पुढची नळी : हाच डीएनए, १० मिलीमोलर मीठ. अंदाज ६८.८.