एकोणीस मिनिटांची मुलाखत आणि मोडलेला आराखडा

"अर्धसंरचित मुलाखतीत विशेष काही नसते, माणसे आपण होऊन बोलतात," असे पुढच्या वर्गातल्या दोघांनी मला सांगितले होते आणि मी त्यावर विसंबलो. एका तासासाठी आखलेली माझी पहिली मुलाखत एकोणीस मिनिटांत संपली. ही नोंद मुलाखतींच्या आधारे संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी आहे. संमतिपत्र, रेकॉर्डर आणि विषयाचे पुरेसे वाचन तुमच्याकडे आहे असे मी धरून चालतो.

माझा विषय होता, रुग्णालयात पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीला रुग्णांची माहिती कशी देते. चौदा प्रश्न तयार होते आणि ते मला फार नेमके वाटत होते. पहिले तीन सुरळीत गेले. चौथा असा होता : "हँडओव्हरचे नियम पूर्णपणे पाळले जात नाहीत, याचे कारण काय असावे?" सिस्टर म्हणाल्या, "आमच्याकडे पाळले जातात." तिथेच सारे संपले होते, पण ते मला कळले नाही. त्या थांबल्या, मी दोन सेकंदांत पुढचा प्रश्न टाकला आणि नंतरच्या नऊ प्रश्नांना जवळजवळ तेच उत्तर मिळत गेले.

प्रतिलेखन करताना मी दोघांचे शब्द मोजले. त्यांचे सुमारे सहाशे होते, माझे अकराशे. मुलाखत बिघडली की नाही हे ओळखण्याची याहून खात्रीची खूण मला ठाऊक नाही. चौथा प्रश्न त्यानंतर मी इतक्या वेळा वाचला की तो पाठ झाला आहे. तो प्रश्न नव्हता, आरोप होता. नियम मोडले जातात हे त्यात गृहीतच धरले होते आणि 'कारण काय' या शब्दांनी खुलासा मागितला होता. शिवाय तो माझा संशोधनप्रश्न होता, जो मी जसाच्या तसा उचलून समोरच्या माणसाच्या हाती दिला होता. त्याचे उत्तर अनेकांच्या अनुभवांतून मी शोधायचे असते, एका परिचारिकेने द्यायचे नसते.

दुसरी चूक जागेची. मुख्य परिचारिकांनी मोठ्या आपुलकीने माझ्यासाठी मुलाखतही ठरवली आणि स्वतःची खोलीही दिली. ज्यांच्याकडे त्या सिस्टरचे मूल्यमापन असते त्यांच्याच टेबलापाशी बसून मी नियमभंगाविषयी विचारत होतो. अशी खोली फुकट मिळाली तरी घेऊ नये.

रेकॉर्डर बंद करून जिन्यापर्यंत आलो, तेव्हा सिस्टर सहज बोलू लागल्या आणि पाच मिनिटांत मला हवे होते ते सारे सांगून गेल्या. त्यांचे शब्द इथे देत नाही, कारण त्यांची संमती रेकॉर्ड झालेल्या बोलण्यापुरती होती. दोन दिवसांनी विचारले तेव्हा त्यांनी आशय वापरण्यास होकार दिला, शब्द वापरण्यास नाही. आशय असा की महत्त्वाच्या काही गोष्टी फॉर्मवर न लिहिता तोंडी सांगितल्या जातात, कारण त्या अंदाजाच्या असतात आणि अंदाज लिहिला की त्याची जबाबदारी अंगावर येते.

यामुळे प्रश्नच बदलला. 'नियम का पाळले जात नाहीत' याऐवजी 'काय लिहिले जाते, काय फक्त सांगितले जाते आणि ते कोण ठरवते' हे आता मी शोधतो आहे. मत विचारण्याऐवजी घडलेला प्रसंग विचारायचा, ही दिशा जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या 'निर्णायक प्रसंग' पद्धतीतून घेतली. चौदांचे चार प्रश्न झाले आणि पहिला असा : "मागच्या पाळीला तुम्ही वॉर्डात आल्यापासून आधीच्या सिस्टर निघून जाईपर्यंत काय काय झाले, ते क्रमाने सांगा." पाळी संपल्यापासून दोन दिवसांच्या आत भेटायचे असे ठरवले, कारण त्यापुढे माणूस घडलेले सांगण्याऐवजी नेहमी घडते ते सांगू लागतो. बारा जणींना एकदा भेटण्याऐवजी सहा जणींना दोनदा भेटणार आहे, आणि त्यांना मुख्य परिचारिकांमार्फत न बोलावता सूचनाफलकावरील चिठ्ठीने.

प्रश्न, निवड आणि भेटींची संख्या बदलल्यामुळे नैतिकता समितीकडे सुधारित अर्ज करावा लागला आणि त्यात तेवीस दिवस गेले. वेळापत्रकात हे दिवस कोणीच धरत नाही, तुम्ही धरा. मधल्या काळात "एखादी मुलाखत उरकून घे" असे सांगणारे भेटतील, त्यांचे ऐकू नका. पहिली मुलाखत विश्लेषणात मिसळलेली नाही. ती चाचणी मुलाखत म्हणून पद्धतीच्या प्रकरणात जाईल, चौथ्या प्रश्नासकट.

पुढच्या तीन मुलाखती चांगल्या झाल्या, त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. सर्वांत लांब बावन्न मिनिटांची झाली आणि तिच्या प्रतिलेखनाला साडेपाच तास लागले, म्हणून आज दिवसाला एकच मुलाखत ठेवा असे मी सांगेन. उद्या झोप झाल्यावर कदाचित दोन म्हणेन. पहिल्या सिस्टरना नव्या पद्धतीने पुन्हा भेटावे असे मार्गदर्शक सुचवतात. नवे संमतिपत्र छापून ठेवले आहे, त्यांना अजून विचारलेले नाही.