साडेचार तारे नेमके कुणाचे?

पुस्तक ठरवायला मला दहा मिनिटं लागली. त्या पुस्तकाची कुठली प्रत घ्यायची हे ठरवण्यात चार संध्याकाळी गेल्या, आणि त्या तारांकनाच्या पायी गेल्या याचा राग अजून उतरलेला नाही.

एकोणिसाव्या शतकातली एक जाडजूड रशियन कादंबरी इंग्रजी अनुवादात वाचायची होती. विक्रीच्या साइटवर नाव टाकलं तर चौदा-पंधरा प्रती समोर आल्या. एक अगदी स्वस्त, एक तिच्या चौपट किमतीची, टीपा-प्रस्तावना असलेली, एक कापडी बांधणीची, एक शाळकरी मुलांसाठी संक्षिप्त केलेली. आणि बहुतेकांखाली तेच ४.५ तारे! बरं, तारे सारखे असू शकतात. पण किती जणांनी दिले तो आकडाही शेवटच्या अंकापर्यंत सारखा होता. तिथेच शंका यायला हवी होती. मला ती दुसऱ्या संध्याकाळी आली.

होतं असं, की बऱ्याच साइट एका शीर्षकाची सगळी रूपं एकाच गाठोड्यात बांधतात: पेपरबॅक, हार्डकव्हर, ई-बुक, ऑडिओ. नव्या कादंबरीपुरतं ते ठीकच आहे, कारण आतला मजकूर एकच असतो. पण जुन्या अभिजात पुस्तकाच्या बाबतीत पाच अनुवादकांचे पाच वेगळे मजकूर, वर संक्षिप्त आवृत्ती, असं सगळं त्याच गाठोड्यात जातं. प्रत्येकाचा ओळखक्रमांक, म्हणजे आयएसबीएन, वेगळा, तारे मात्र सामाईक. म्हणजे आपण जे ४.५ बघतो ते सगळ्या प्रतींचे मिळून असतात. अनुवादकाला, छपाईला, बांधणीला किती मिळाले हे त्यातून कळतच नाही.

गाठोडं बांधलंय हे ओळखायची सोपी खूण म्हणजे एकमेकांना छेद देणाऱ्या तक्रारी. एकजण म्हणतो अक्षर डोळे फोडणारं बारीक आहे, त्याच्याच खाली दुसरा मोठ्या टाइपाचं कौतुक करतो. एकाला टीपा फार आवडल्यात, दुसरा विचारतो टीपा आहेत कुठे. आणि कागदी पुस्तकाखाली कुणी निवेदकाच्या आवाजाबद्दल लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला.

मग मी कागद-पेन घेऊन बसलो आणि एक ते तीन ताऱ्यांचे चाळीस अभिप्राय वाचून त्यांची वर्गवारी केली. सतरा जणांची तक्रार पार्सलबद्दल होती: कोपरा दुमडला, पानं सुटली, जुनी प्रत पाठवली. अकरा जण छपाईवर चिडलेले. पाच अनुवादावर. कादंबरी म्हणून कादंबरी न आवडलेले फक्त सात! सरासरी खाली ओढणाऱ्या चाळिसातले तेहेतीस लोक कादंबरीबद्दल बोलतच नव्हते. कादंबरी वाचावी की नाही असा ज्याचा प्रश्न आहे, त्याने ते सातच वाचावेत. माझा प्रश्न उलटा होता, मला छपाई आणि अनुवादावरचे सोळा हवे होते. पण ते कुठल्या प्रतीबद्दल आहेत हे कळल्याशिवाय त्यांचा उपयोग शून्य.

अभिप्रायाच्या वर बारीक अक्षरात ‘पेपरबॅक’ वगैरे लिहिलेलं असतं. पेपरबॅक नऊ होत्या, त्यामुळे त्या शब्दाने काही भागलं नाही. शेवटी दोन गोष्टी कामी आल्या. अभिप्रायाच्या शीर्षकावर क्लिक केलं की तो स्वतंत्र पानावर उघडतो, आणि तिथे ज्या प्रतीवर तो लिहिला गेला तिचं मुखपृष्ठ दिसतं. मोबाइलच्या ॲपमध्ये मला ही सोय सापडली नाही, ब्राउझरमध्ये सापडली. दुसरी गोष्ट फोटो. फक्त फोटोवाले अभिप्राय वेगळे काढले तर तीन शब्दांच्या अभिप्रायातूनही पुष्कळ कळतं. पानावर अंगठा ठेवून फोटो काढलेला असेल तर अंगठ्याच्या मापाने अक्षराचा अंदाज येतो. मागच्या पानावरची शाई पुढे दिसत असेल तर कागद पातळ आहे. आणि कुणा पुण्यवानाने हक्कसूचनेच्या पानाचा फोटो टाकला असेल तर अनुवादकाचं नावच हाती लागतं.

अनुवादकाचं नाव एवढं महत्त्वाचं का, तर स्वस्त प्रतींवर ते बहुधा छापलेलंच नसतं. आणि नाव नसेल तर आत जुना, स्वामित्वहक्क संपलेला अनुवाद असण्याची शक्यता दाट. रशियन कादंबऱ्यांच्या बाबतीत तो अनेकदा कॉन्स्टन्स गार्नेट यांचा निघतो. त्या १९४६ साली वारल्या, रशियन साहित्याचे सत्तरच्या आसपास खंड त्यांनी इंग्रजीत आणले. ते वाईट आहेत असं मुळीच नाही, कित्येकांना आजही तेच आवडतात. पण ‘नवा अनुवाद किती सहज वाटतो’ असा अभिप्राय वाचून आपण प्रत मागवायची आणि हातात शंभर वर्षांपूर्वीची इंग्रजी यायची, हे मात्र गाठोड्यामुळेच होतं.

प्रतीवर नाव नसताना अनुवाद ओळखायची युक्ती मला चौथ्या संध्याकाळी सुचली, ती पहिल्याच संध्याकाळी सुचायला हवी होती. नमुना पानं उघडायची, मधल्या एखाद्या वाक्यातले दहा-बारा सलग शब्द घ्यायचे आणि दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून सर्च करायचे. अनुवाद हक्कमुक्त असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्गसारख्या ठिकाणचा पूर्ण मजकूर समोर येतो, त्यावर अनुवादकाचं नाव असतं. वाक्य पात्रांच्या नावांचं घेऊ नये, वर्णनाचं घ्यावं. नावं सगळ्याच अनुवादांत थोड्याफार फरकाने तीच असतात.

यातही एक खड्डा आहे. कागदी प्रतीच्या पानावरून नमुना उघडला तरी कित्येकदा ई-बुकचा उघडतो, आणि ते ई-बुक भलत्याच प्रकाशकाचं, भलत्याच अनुवादाचं असू शकतं. म्हणून नमुना वाचण्याआधी त्यातल्या हक्कसूचनेच्या पानावर जाऊन प्रकाशकाचं नाव बघावं. आयएसबीएन ताडून फायदा नाही, कारण ई-बुकचा आणि कागदी पुस्तकाचा क्रमांक मुळातच वेगळा असतो. प्रकाशक आणि अनुवादक जुळले की पुरे.

हो, आणि अभिप्राय लावताना क्रम ‘नवीन आधी’ असा करून घ्यावा. मुळात जो क्रम दिसतो त्यात जास्त लोकांना उपयुक्त वाटलेले वर असतात, आणि जुन्यांना मतं गोळा करायला जास्त वर्षं मिळालेली असतात. त्या काळातला कागद आज असेलच असं नाही.

त्या स्वस्त प्रतीवर ‘नंबर एक’ची पट्टीही झळकत होती. तिला मी एक संध्याकाळभर भुललो होतो. पट्टीवर क्लिक केलं की कुठल्या विभागातला एक नंबर ते दिसतं, आणि गंमत तिथेच असते. विभाग हजारो असतात, काही इतके चिंचोळे की दिवसाला चार प्रती खपल्या तरी शिखर गाठता येतं. २०१६ मध्ये अमेरिकेत एका मार्केटिंगवाल्याने स्वतःच्या पावलाचा फोटो पुस्तक म्हणून ॲमेझॉनवर चढवला, दोन आडबाजूचे विभाग निवडले आणि तीन प्रती विकून ती पट्टी मिळवून दाखवली. हा क्रमांक दिवसातून अनेकदा बदलतो, त्यामुळे तो ‘आत्ता खपतंय’ एवढंच सांगतो. पट्टी दिसली तर विभागाचं नाव वाचावं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघावं. वर्षानुवर्षं खपणारं पुस्तक तेव्हाही आसपास असतं.

वर्तमानपत्रांच्या याद्यांचा प्रकार निराळा. न्यूयॉर्क टाइम्सची यादी म्हणजे सगळ्या खपाची बेरीज नव्हे. ठरावीक दुकानांकडून आकडे मागवून आणि आपले निकष लावून ती केली जाते. तिथे एखाद्या नावापुढे कट्यारीसारखं चिन्ह (†) असेल तर काही दुकानांनी घाऊक मागण्या आल्याचं कळवलेलं असतं. म्हणजे एका माणसाने वा संस्थेने गठ्ठ्याने प्रती घेतल्या असू शकतात. चिन्ह असलं म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही, पण तेवढ्या वाचकांनी स्वतःहून ते उचललं असं मात्र समजू नये.

मधल्या काळात मी गुडरीड्स या वाचकांच्या साइटवरही जाऊन आलो. तिथे ताऱ्यांचे अर्थ ठरलेले आहेत: दोन तारे म्हणजे ठीक, तीन म्हणजे आवडलं, चार म्हणजे खूप आवडलं. विक्रीच्या साइटवर मात्र तीन तारे टीकेच्या खात्यात जमा होतात. म्हणून गुडरीड्सवरच्या ३.९ ची विक्रीच्या साइटवरच्या ४.५ शी तुलना करून ‘इथे लोकांना कमी आवडलंय’ म्हणू नये. गुडरीड्सच्या पानावरचं मुख्य तारांकनही सगळ्या आवृत्त्यांचं मिळूनच असतं. मात्र सगळ्या आवृत्त्यांची यादी उघडली की आवृत्त्या सुट्या दिसतात, बऱ्याचदा अनुवादकाच्या नावासकट. हे आधी केलं असतं तर एक संध्याकाळ वाचली असती.

तिथे पुस्तक बाजारात यायच्या आधीही तारे देता येतात, हेही तेव्हाच लक्षात आलं. २०२३ मध्ये अमेरिकन लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी आपली न आलेली कादंबरी पुढे ढकलली, ती अशाच एक-ताऱ्यांच्या माऱ्यानंतर. म्हणून नव्या पुस्तकाबाबत आधी प्रकाशनाची तारीख आणि मग अभिप्रायांच्या तारखा बघाव्यात. आगाऊ प्रती काहींना खरोखर मिळालेल्या असतात, आणि असे लोक बहुधा तसं लिहितात.

थोड्या लोकांच्या पाच ताऱ्यांवर किती विसंबायचं, याचा हिशोब मनातल्या मनात करता येतो. नऊ जणांनी पाच-पाच तारे दिलेत, सरासरी ५. त्यात दोन नाराज आले आणि एकेक तारा देऊन गेले की सत्तेचाळीस भागिले अकरा, म्हणजे ४.३. दोन माणसांनी एवढं घसरणारं तारांकन अजून बसलेलंच नाही असं धरावं. हजारभर मतांवरचं ४.३ दोघांनी हलत नाही.

मालिकेतल्या पुस्तकांना हा हिशोब लावू नका. तिसऱ्या-चौथ्या भागाचे तारे बहुधा पहिल्यापेक्षा वर असतात, कारण पहिला भाग न आवडलेले लोक तिथवर पोचतच नाहीत. मालिका घ्यायची की नाही ते पहिल्या भागाच्या ताऱ्यांवरून ठरवावं.

शेवटी टीपावाली महागडी प्रत घेतली. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावरच होतं, नमुना त्याच प्रकाशकाचा निघाला, आणि नवीन आधी लावलेल्या अभिप्रायांतल्या दोन फोटोंत कागद जाड दिसला. वाचून झाल्यावर मीही अभिप्राय लिहिला. पहिल्या ओळीत अनुवादक, दुसऱ्या ओळीत प्रकाशक आणि वर्ष, मग आयएसबीएन, आणि हक्कसूचनेच्या पानाचा फोटो. दुसऱ्या दिवशी बघितलं तर तो शाळकरी संक्षिप्त आवृत्तीखालीही दिमाखात दिसत होता.