शेवटच्या टाळीला राहिलेल्या तीन फ्रेम

एडिटिंगच्या टेबलावर आलेली तक्रार अगदी किरकोळ होती. "ताई, पहिल्या टाळीला सिंक बरोबर बसतंय, पण शेवटच्या टाळीला आवाज तीन फ्रेम आधी येतोय. सरकवून घेऊ का?" सहायक नवा असला तरी पोरगा मेहनती. दोन्ही टाळ्या तपासायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याने आपणहून तपासल्या. नाहीतर ही फिल्म तशीच बाहेर गेली असती.

एका निवृत्त शिक्षिकेची चाळीस मिनिटांची सलग मुलाखत. कॅमेऱ्याचा आवाज 48000 हर्ट्झचा, 25 फ्रेमचं फूटेज, आणि बाईंच्या पदराला लावलेल्या लेपल माईकचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. चित्र आणि आवाज जुळवायला सुरुवातीला एक टाळी, शेवटी एक. "तीन फ्रेम" ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा घड्याळांचा फरक आला. कॅमेरा आणि रेकॉर्डर आपापल्या स्फटिकावर चालतात आणि ते कधीच अगदी सारखे नसतात. लांबलचक मुलाखतीत एकदोन फ्रेमचा फरक पडतो, मग उत्तरांमधल्या शांत जागा बघून आवाज कापायचा आणि थोडा सरकवायचा. रोजचंच काम.

पण क्लिपवर स्पीडचा आकडा दिसला: 91.88 टक्के. पिच कायम ठेवण्याची खूणही लावलेली.

"हे कशासाठी?"

"आवाज पहिल्या वाक्यातच ओठांच्या पुढे पळत होता. लांबी जुळेपर्यंत स्पीड कमी केला. 91.88 ला जुळलं."

हा आकडा या धंद्यात कुणालाही पाठ असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. 44100 ला 48000 ने भागलं की 0.91875 येतं. म्हणजे मूळ रेकॉर्डिंगमध्ये आवाज सेकंदाला 44100 वेळा मोजलेला होता, तेवढी सॅम्पल होती, आणि कुणीतरी ते 48000 च्या घाईने वाजवत होतं. आम्ही मोजून पाहिलं. कॅमेऱ्यात दोन टाळ्यांमध्ये बरोबर 40 मिनिटं, रेकॉर्डरच्या फाईलमध्ये 36 मिनिटं 45 सेकंद. 2205 सेकंद भागिले 2400, तेच 0.91875. उरलेल्या तीन फ्रेमही तिथेच सापडल्या. त्याने 91.875 ऐवजी 91.88 टाकलं होतं आणि त्या एवढ्याशा फरकाचे चाळीस मिनिटांत 0.13 सेकंद होतात.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण तो सहायकाच्या मनातही होता. एका टाईमलाइनवर 44100 आणि 48000 च्या क्लिप एकत्र आल्या म्हणून काही बिघडत नाही. फाईलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या लेबलवर, 44100 लिहिलेलं असेल, तर एडिटिंगचा प्रोग्राम मधली सॅम्पल मोजून काढतो. सूर आणि लांबी दोन्ही जसेच्या तसे राहतात. गोंधळ होतो तो हेडरवरचा आकडा आणि आतला माल वेगळा असला की. आमच्या फाईलचं हेडर मी विचारलं:

```
ffprobe -v error -select_streams a:0 -show_entries stream=sample_rate,duration -of default=nw=1 lapel.wav
```

उत्तर आलं, 48000. ही आज्ञा फक्त लेबल वाचते, आवाज ऐकत नाही.

फोनाफोनी केल्यावर उलगडा झाला. शूटिंगला शेवटच्या टाळीनंतर लगेच रेकॉर्डरची बॅटरी संपली, फाईल नीट बंद झाली नाही, हेडर अर्धवट राहिलं. मग युनिटमधल्या कुणीतरी ती कच्चा डेटा म्हणून उघडली. असं उघडताना प्रोग्राम बिट, चॅनल आणि सॅम्पल रेट आपल्यालाच विचारतो. बिटचा अंदाज चुकला तर कानठळ्या बसवणारा खरखराट येतो, चूक लगेच कळते. सॅम्पल रेट चुकला तर माणसाचा स्वच्छ आवाज येतो, फक्त तो त्या माणसाचा नसतो. त्याला स्वच्छ आवाज आला, त्याने 48000 म्हणून फाईल बनवली आणि पाठवून दिली. फाईल वाचवल्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पण सोबत एक ओळ लिहायला हवी होती. मूळ अर्धवट फाईलही त्याने ठेवली नव्हती, याचा मला अजून राग आहे.

तरी नुसत्या भागाकारावर विसंबायचं नव्हतं. बाई उत्तरापूर्वी दहाबारा सेकंद गप्प बसतात अशी एक जागा होती. तिथला लेपलचा आवाज, सहायकाचा स्पीड काढून, स्पेक्ट्रमवर मोठा करून पाहिला. खोलीतल्या विजेची बारीक घूं त्यात होतीच. वीज 50 हर्ट्झची, म्हणून रेघा 50 आणि 100 वर दिसायला हव्यात. कॅमेऱ्याच्या आवाजात तशाच होत्या. लेपलमध्ये त्या 54.4 आणि 108.8 वर होत्या. विजेच्या वायरी काही मुलाखतीसाठी सूर बदलत नाहीत.

आता सहायकाने केलेली दुरुस्ती का चालणार नाही, ते त्याला दाखवलं. पिच कायम ठेवून स्पीड कमी केला की लांबी जुळते, ओठ जुळतात, पण चढलेला सूर चढलेलाच राहतो, जवळपास दीड सेमीटोन. पेटीवर एका पट्टीहून लगतच्या पट्टीपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या दीडपट. शिवाय ताणलेल्या आवाजात शब्दांच्या शेवटी काचेसारखी किणकिण येते. बाईंच्या तोंडचं "होतं" मी चार वेळा ऐकवलं. चौथ्यांदा त्याला ती ऐकू आली.

खरा उपाय एका ओळीचा. आधी आतली सॅम्पल न बदलता लेबल 44100 करायचं, मग तिथून रीतसर 48000 वर आणायचं:

```
ffmpeg -i lapel.wav -af "asetrate=44100,aresample=48000" -c:a pcm_s24le lapel_48k.wav
```

क्रम उलटा केला तर सूर आणि लांबी सुधारते, पण फाईल 44100 चीच राहते, आणि `asetrate` गाळून नुसतं `aresample` दिलं तर काहीच होत नाही, कारण त्याच्या मते फाईल आधीच 48000 ची आहे. नवी फाईल शंभर टक्के स्पीडवर ठेवली. दोन्ही टाळ्या एका फ्रेमच्या आत बसल्या, घूं 50 वर आली.

आणि बाईंचा आवाज खाली उतरला. खर्जात, थोडा थकलेला, वाक्याच्या शेवटी किंचित कापणारा. कॅमेऱ्याच्या आवाजात तो पहिल्या दिवसापासून होता, पण आम्ही तो ट्रॅक सिंक झाल्यावर बंद करून ठेवला होता.

दिग्दर्शकाला ऐकवलं तर तो म्हणाला, "आवाज दबलाय का? आधी किती उत्साही वाटत होत्या." पंधरा दिवस त्याने तोच चढा आवाज ऐकला होता, त्यावर कट लावले होते. चूक त्याची नाही. बाईंना प्रत्यक्ष भेटलेला तोच एकटा, तरी कानाला सवय झाली होती. मी कॅमेऱ्याचा ट्रॅक चालू केला, दोन्ही शेजारी ऐकवले, तेव्हा तो गप्प झाला. चार कट त्याने स्वतःहून लांबवले, कारण खरा आवाज तितक्या घाईत बसत नव्हता.

गेल्या वर्षीची एक फिल्म त्या रात्रीपासून डोक्यात आहे. तिथेही एका फाईलची लांबी जुळत नव्हती, मी स्वतः स्पीड बदलून ओठ जुळवले होते. किती टक्के, ते आठवत नाही. कॅमेऱ्याचा आवाज जागा वाचवण्यासाठी पुसला गेला. हाती आहे ती फक्त शेवटची मिक्स केलेली प्रत. तिच्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत संगीत आहे, घूं दिसेल एवढी शांत जागा मला अजून सापडलेली नाही.